उघडलेल्या फोनची दोन बोळं

आमच्या घरी सध्या एका आकड्यावरून वाद चालू आहे. आकडा आहे ६००. एका बाजूला मी आणि माझे वडील, म्हणजे अण्णा. दुसऱ्या बाजूला माझा पुतण्या आणि त्याने पाहिलेले तमाम व्हिडिओ. संख्याबळ बघता आम्ही हरणार हे दिसतंच आहे, पण हरण्याआधी बाजू मांडून ठेवावी म्हणून हा प्रपंच.

झालं असं. अण्णांचं वय एक्याऐंशी. दुपारी जेवण झालं की खिडकीतल्या खुर्चीत बसून दोन तास वाचायचं, हा त्यांचा नियम मी शाळेत होतो तेव्हापासून बघतोय. गेल्या दोन-तीन वर्षांत साध्या फोनवर वाचणं त्यांना जड जायला लागलं. अक्षर मोठं केलं की ओळीत चारच शब्द मावायचे, आणि एक बातमी संपेपर्यंत अंगठा दुखायचा. टॅबलेट आणून बघितला, तो हातात धरवेना. मग मीच माझा पुस्तकासारखा उघडणारा, घडीचा फोन त्यांना देऊन टाकला. हलका आहे, खिशात मावतो, उघडला की पान मोठं. पुतण्या म्हणाला, "आजोबा, मी सेट करून देतो." दिला करून. आठवड्याभराने बघतो तर अण्णा तो फोन मिटून बाहेरच्या चिंचोळ्या पडद्यावर वाचतायत!

"अण्णा, उघडून का नाही वाचत?"

"अरे, उघडला की त्याची दोन बोळं होतात. मग एका बोळात मिटूनच वाचलेलं काय वाईट?"

मंडळी, घडीच्या फोनांबद्दल मी जेवढं काही ऐकलं-वाचलं त्यात याहून नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही. ते शब्दशः खरं आहे, आणि खरं का आहे ते मी पट्टी घेऊन मोजलं.

या फोनचा आतला पडदा ७.६ इंचांचा. २१७६ बाय १८१२ बिंदू. सेंटिमीटरमध्ये रुंदी साधारण १२.३ आणि उंची १४.८. बाहेरच्या पडद्याची रुंदी ५.७. आता बातम्यांचं किंवा मेलचं अ‍ॅप आत उघडल्यावर त्याने पडद्याचे दोन भाग केले, डावीकडे यादी आणि उजवीकडे मजकूर, तर एकेका भागाला येतात सहा सेंटिमीटर. म्हणजे बाहेरच्या पडद्याएवढेच! फोन उघडला आणि मिळालं काय, तर मिटलेला फोन, दोनदा. त्यातला एक तर नुसत्या मथळ्यांनी भरलेला.

असं का होतं? फोन स्वतःला टॅबलेट समजायला लागतो म्हणून. आणि तो कधी तसं समजतो, ते ठरवतो हा ६०० चा आकडा.

इथे थोडं गणित करावं लागेल. पाचवीचं आहे, घाबरू नका. अँड्रॉइड पडद्याची रुंदी बिंदूंत मोजत नाही, डीपीत मोजतं. (डीपी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो नव्हे, आणि पावसाळ्यात कोपऱ्यावर जळते तीही नव्हे.) पडद्याचे बिंदू गुणिले १६०, भागिले घनता, की आले डीपी. माझ्या फोनवर घनता होती ४२०. म्हणून १८१२ गुणिले १६० भागिले ४२०, म्हणजे ६९०. पडद्याची लहान बाजू ६०० डीपी किंवा त्याहून जास्त भरली की अनेक अ‍ॅप आपली टॅबलेटसाठीची मांडणी बाहेर काढतात. यातली गंमत अशी की घनता ही काही पडद्याची पक्की मोजपट्टी नाही. तो फोनने धरलेला एक आकडा आहे आणि तो तुम्हाला बदलता येतो. घनता वाढवली की सगळं मोठं दिसतं आणि डीपी कमी होतात. घनता कमी केली की सगळं बारीक होतं आणि डीपी वाढतात.

पुतण्याने काय केलं होतं? घनता कमी करून ६९० चे ७६० करून ठेवले होते. कारण? "काका, त्यामुळे जास्त मावतं."

हे "जास्त मावतं" माझ्या डोक्यात जातं. एसटीच्या टपावरही जास्त माणसं मावतात. घडीचा फोन कसा लावावा हे सांगणारा जो तो हेच सांगतो. आकडा वाढवा, ७२० करा, ८०० करा, मोठ्या पडद्याची पूर्ण क्षमता वापरा! क्षमता कुणाची, पडद्याची की डोळ्यांची, हे कुणी विचारत नाही. पडद्यावर किती गोष्टी दिसतात हे मोजणाऱ्याने त्यावर एखादा अख्खा लेख वाचून संपवलाय का, हेही कुणी विचारत नाही. दुकानात फोन दाखवताना एकावेळी तीन अ‍ॅप उघडून दाखवतात. ते बघायला छानच दिसतं. पण ते बघणं झालं, वाचणं नव्हे.

माझा मुद्दा अगदी साधा आहे. आतला पडदा वाचनासाठी घेतला असेल तर आकडा वाढवायचा नाही, कमी करायचा. आणि नुसता थोडा कमी नाही, ६०० च्या खाली न्यायचा.

मी तो ५९० केला. घनता झाली ४९१, म्हणजे पडद्यावरची प्रत्येक गोष्ट सहाव्या हिश्श्याने मोठी. आता फोन स्वतःला मोठा फोन समजतो, टॅबलेट नव्हे. अण्णांचं बातम्यांचं अ‍ॅप एका बोळात आलं, पण बोळ आता बारा सेंटिमीटर रुंद. त्याला बोळ तरी कसं म्हणायचं, रस्ताच की!

ज्या अ‍ॅपांना टॅबलेटची मांडणीच नाही त्यांचं काय? मराठीतली बरीचशी अ‍ॅप अशीच आहेत. ती दोन भाग करत नाहीत, पण फोनसाठीचा मजकूर धोतरासारखा या काठापासून त्या काठापर्यंत ताणतात. ६९० वर अशा एका अ‍ॅपमध्ये मी दहा ओळींतले शब्द मोजले. ओळीला पंधरा-सोळा शब्द येत होते, आणि अक्षर बारीक. ओळीच्या शेवटाहून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येताना डोळा चुकतो आणि तीच ओळ पुन्हा वाचली जाते. अण्णा अशा वेळी बोट लावून वाचतात, आणि बोट लावलं की पडदा सरकतो! ५९० वर, अक्षराचा आकार आणखी दोन पायऱ्या वाढवल्यावर, तिथेच दहा-अकरा शब्द आले. घरातली चार मराठी पुस्तकं काढून मोजली. ओळीला नऊ ते बारा. आपल्या डोळ्यांना वर्षानुवर्षं जी ओळ सवयीची आहे, ती हीच.

म्हणून पडदा लावताना माझी मोजपट्टी एकच. ओळीत किती शब्द. दहाच्या आसपास आले की थांबायचं. किती चिन्हं मावली, किती मेल दिसले, याच्याशी वाचणाऱ्याला देणंघेणं नाही.

आता पुतण्याचा दुसरा युक्तिवाद. तो म्हणाला, "काका, वाचायलाच त्रास होतो ना, मग नुसता फाँट मोठा करा. घनतेला कशाला हात लावता?" वरवर बिनतोड वाटतं. इंग्रजी वाचणाऱ्याचं कदाचित त्यात भागेलही. देवनागरीचं भागत नाही.

आपल्या अक्षराला वर आणि खाली दोन्हीकडे पसारा असतो. वर रफार, वेलांट्या, मात्रा, अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय. फाँटचा आकार वाढवला की अक्षर वाढतं, पण ते ज्या चौकटीत बसवलेलं असतं ती चौकट नेहमीच वाढते असं नाही. अ‍ॅप लिहिणाऱ्याने ओळीची किंवा बटणाची उंची ठरावीक डीपीत बांधून टाकलेली असली, आणि तपासताना फक्त इंग्रजी बघितलेलं असलं, तर आपली अक्षरं वरून भादरली जातात आणि खालून छाटली जातात. "पूर्णांक" मधला रफार गेला की "पूणांक" उरतं. "कर्तृत्व" चं "कर्तत्व" होतं. आमच्याकडे एका अ‍ॅपच्या मथळ्यात "मूर्तींची" चा रफार आणि अनुस्वार दोन्ही उडाले होते आणि अण्णा "मूतीची विटंबना" असं मोठ्याने वाचून स्वतःच दचकले.

घनता बदलली की मात्र असं होत नाही, कारण डीपीत बांधलेली चौकटही अक्षराबरोबर त्याच प्रमाणात वाढते. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी घनता, मग उरलेली कसर फाँटने. उलट केलंत तर कापलेली अक्षरं मिळतात आणि माणूस म्हणतो, मराठी अ‍ॅप भिकारच असतात. (काही असतातच, पण प्रत्येक वेळी दोष तिथे नसतो.) अँड्रॉइड १४ पासून, म्हणजे २०२३ पासून, फाँट वाढवताना बारीक मजकूर जास्त आणि मथळे कमी वाढतात, त्यामुळे मथळे पूर्वीसारखे अंगावर येत नाहीत. ही सुधारणा चांगलीच आहे. पण ती चौकट वाढवत नाही.

प्रत्यक्ष करायचं कसं ते सांगतो. फोन आधी उघडा, कारण आतल्या पडद्याचं काम आतल्या पडद्यावरच करावं. सेटिंगमध्ये Display खाली Display size and text असतं, काही फोनांवर त्याला Screen zoom म्हणतात. ती पट्टी मोठ्याच्या दिशेला एक घर सरकवा आणि वाचून बघा. कित्येकांचं काम इथेच होतं. पण पट्टीवर आकडा दिसत नाही, त्यामुळे आपण ६०० च्या अलीकडे आहोत की पलीकडे हे कळत नाही. ते बघायचं तर About phone मध्ये जाऊन Build number वर सात वेळा टिचकी मारायची. (काही फोनांत तो Software information च्या आत असतो.) मग Developer options उघडतं. त्यात Smallest width शोधा, काही ठिकाणी ते Minimum width असतं. तिथे तुमचा आकडा दिसेल. तो आधी कागदावर लिहून ठेवा. कागदावर म्हणतोय, फोनमध्ये नाही. मग ५९० घाला. ५९९ का नाही? चालेल तेही, पण काठावर उभं कशाला राहायचं.

बदल केल्याबरोबर उघडी अ‍ॅप स्वतःला नव्याने मांडतात. एखादं अर्धवट अडकलं तर बंद करून उघडा. आकडा लागू झाल्याची खूण म्हणजे दोन भाग करणारं एखादं अ‍ॅप आता एकाच भागात उघडतं. मग फोन मिटून बाहेरचा पडदाही तपासा. सगळे फोन इथे सारखे वागत नाहीत. बाहेरचंही सगळं मोठं झालं असेल आणि ते नको असेल, तर मधला मार्ग काढावा लागतो. आणि हो, आपल्याकडची काही बँकेची अ‍ॅप Developer options चालू दिसलं की उघडायलाच नकार देतात. काम झाल्यावर ते बंद करून टाका. माझ्या फोनवर बंद केल्यावरही ५९० टिकून राहिलं, तुमच्यावर टिकतंय का ते बघून घ्या.

संगणकाची तार जोडायची सवय असेल आणि USB debugging चालू असेल, तर हेच तिथूनही होतं. पहिली आज्ञा सध्याची घनता सांगते, दुसरी बदलते, तिसरी मूळपदावर आणते.

```
adb shell wm density
adb shell wm density 491
adb shell wm density reset
```

मात्र ४९१ हा आकडा माझ्या पडद्याचा आहे. तुमच्या पडद्याच्या लहान बाजूचे बिंदू गुणिले १६०, भागिले ५९०, जे येईल ते तुमचं.

आता वेबपानांचं. ब्राउझरही याच डीपीच्या मापाने पानाची रुंदी सांगतो. फोन आडवा धरला की ६९० च्या सेटिंगवर रुंदी होते ८२९. पुष्कळ संकेतस्थळं ७६८ च्या वर गेलं की बाजूला पट्टी काढतात. "हेही वाचा", "लोकप्रिय", जाहिराती आणि राशिभविष्य. ५९० च्या सेटिंगवर आडव्या फोनची रुंदी ७०८ भरते, म्हणून ही पट्टी येत नाही. पुतण्याच्या ७६० वर हीच रुंदी ९१२ होते, आणि नव्या अ‍ॅपांसाठी गूगलनेच आखून दिलेली ८४० ची दुसरी रेघही ओलांडली जाते. त्या रेघेपलीकडे दोन भाग करण्याचीच शिफारस आहे. म्हणजे जास्त मावावं म्हणून आकडा वाढवायचा आणि त्या जागेत दुसऱ्यांनी आपलं सामान आणून ठेवायचं!

एवढं भांडल्यावर विरोधी पक्षाचं जे खरं आहे तेही कबूल करायला हवं.

पहिलं म्हणजे, दोन भागांची मांडणी वाईट नाही. दिवसाला शंभर मेल चाळणाऱ्याला ती वरदान आहे. यादी डोळ्यांसमोर राहते आणि मागे-पुढे करावं लागत नाही. पण अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये एकेका अ‍ॅपला वेगळी घनता देण्याची सोय नाही, ती अख्ख्या पडद्याची असते. तेव्हा निवड करावी लागते, आणि ती कामावरून करावी. पुतण्याच्या फोनला मी हात लावायला गेलेलो नाही. त्याने अण्णांच्या फोनला लावला, एवढीच माझी तक्रार.

दुसरं, ६०० च्या खाली गेल्यावर काही गोष्टी गमवाव्या लागतात. काही फोनांवर खालची अ‍ॅपची पट्टी दिसेनाशी होते. २०२५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १६ ने एक चांगला नियम आणला. त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या अ‍ॅपांना, खेळ वगळून, मोठ्या पडद्यावर "मी फक्त उभंच चालणार" असा हट्ट सहसा धरता येत नाही. पण तिथेही मोठा पडदा म्हणजे ६०० डीपी आणि वर. आपण ५९० वर आलो की अशा अ‍ॅपांचा हट्ट पुन्हा चालतो. फोन उभा धरून वाचणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. आडवा धरणाऱ्याला पडेल.

तिसरं, मधली घडी. दोन भाग केले की घडीची रेघ बरोबर त्यांच्या मधल्या फटीत जाते, आणि एक भाग केला की प्रत्येक ओळ रेघ ओलांडते. हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटला होता. आठ दिवसांनी अण्णांना विचारलं, रेघ दिसते का हो? म्हणाले, "कुठली रेघ?" उजेड मागून किंवा बाजूने आला की ती चमकते. खुर्ची थोडी फिरवली की संपलं.

आणि एक मर्यादा सगळ्यांनाच लागू आहे. पीडीएफला आणि स्कॅन केलेल्या पानांना घनतेचा काही उपयोग नाही, कारण त्यांच्या पानाची मांडणी आधीच पक्की झालेली असते. ए-फोर कागदावरचं पान या पडद्यावर बसवलं की साठ टक्क्यांपेक्षाही लहान होतं, बारा पॉइंटांचं अक्षर सातचं. त्याला इलाज पडदा आडवा करून सरकवत वाचणं, एवढाच. पण जुन्या मराठी पुस्तकांची स्कॅन मात्र इथे खुलतात. डेमी आकाराचं पान साधारण चौदा सेंटिमीटर रुंद, आपला पडदा सव्वाबारा. पूर्ण पान दाखवायचा मोह टाळून पान रुंदीला बसवलं आणि दोन्हीकडचे समास कापले, की अक्षर जवळजवळ छापील आकाराचं होतं. उंची मावत नाही, एकदा खाली सरकवावं लागतं. अख्खं पान एकदम दाखवायला गेलात तर तेच अक्षर छापल्याच्या सत्तर टक्क्यांवर येतं. इथेही पुन्हा तेच. सगळं एकदम मावायला हवं हा हट्ट सोडला की वाचता येतं.

परवा दुपारी खिडकीत डोकावलो तर फोन उघडा होता, पुस्तकासारखा दोन हातांत धरलेला, आणि बोट ओळीवर नव्हतं. पुतण्याही शेजारी बसला होता. तो आजोबांच्या पडद्याकडे बघून म्हणाला, "आजोबा, केवढी जागा वाया घालवताय."

अण्णांनी मान वर न करता सांगितलं, "जागा वाया जाते आहे ती जाऊ दे. दुपार वाया जात नाहीये."

असो. आकडा ५९० आहे आणि तो कागदावर लिहून कपाटात ठेवलाय. पुतण्याला कपाट माहीत नाही.